सात परत कधी येणार?

७ ही संख्या घ्या. तिला ५ ने गुणा, त्यात ३ मिळवा, आलेल्या उत्तराला १६ ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. पाच साते पस्तीस आणि तीन अडतीस. १६ ने भागल्यावर बाकी ६. आता ६ वर हीच क्रिया करा: तीस आणि तीन तेहेतीस, बाकी १. मग १ वरून ८, ८ वरून ११. असंच पुढे जात राहिलं की ही यादी मिळते:

७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४

आणि ४ नंतर पुन्हा ७. यादीत ० ते १५ हे सोळाच्या सोळा आकडे एकेकदाच आलेत, पण क्रम बऱ्यापैकी विस्कटलेला आहे. संगणकाच्या खेळात शत्रू कुठून येणार, नमुना-चाचणीसाठी कोणती घरं निवडायची, अणुभट्टीतला न्यूट्रॉन कोणत्या दिशेला उडाला असं मानायचं, या सगळ्यासाठी लागणारे ‘रँडम’ आकडे कित्येक दशकं अशाच एका ओळीच्या नियमाने काढले गेले. फक्त १६ च्या जागी अब्जांच्या घरातली संख्या असायची.

नियम असा लिहितात:

```
x_next = (a*x + c) mod m
```

इथे `a` हा गुणक, `c` ही मिळवायची संख्या आणि `m` हा भाजक. `mod` म्हणजे भागून उरलेली बाकी. सुरुवातीच्या संख्येला बीज म्हणतात. वर ते ७ होतं. यात दैवाचा भाग काहीच नाही. तेच बीज दिलं की तीच यादी मिळणार, आणि ते सोयीचंही आहे, कारण एखाद्या प्रयोगात काही चुकलं तर तोच प्रयोग जसाच्या तसा पुन्हा चालवून पाहता येतो.

आता ७ परत येणं अटळ का? बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, म्हणजे १६ ने भागलं तर सोळाच बाक्या शक्य आहेत. पुढची संख्या केवळ आत्ताच्या संख्येवरून ठरते, त्याआधी काय झालं याची नियमाला आठवण नसते. सोळाच्या आत कधीतरी एखादी संख्या दुसऱ्यांदा येणार, आणि ती आली की तिच्या मागून सगळी वरात तशीच्या तशी येणार. हे कोणत्याही यांत्रिक नियमाला लागू आहे. देवळालीच्या दत्तात्रय कापरेकर गुरुजींचा प्रसिद्ध नियम आठवा: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कायम ६१७४. गणितातला तो देखणा नमुना आहे; रँडम आकड्यांचं यंत्र म्हणून मात्र त्याच्यापेक्षा वाईट नियम शोधून सापडणार नाही. फेरा एका आकड्याचा!

फेरा अटळ आहे म्हटल्यावर प्रश्न उरतो तो त्याच्या लांबीचा. त्याचं उत्तर यंत्र न चालवता, नुसतं `a`, `c` आणि `m` यांच्याकडे बघून आधीच देता येतं. भाजक फेऱ्याची कमाल मर्यादा ठरवतो; त्या मर्यादेपर्यंत पोहोचायचं की अलीकडेच थांबायचं, हे मुख्यतः गुणक ठरवतो.

छोट्या यंत्रातच थोडी मोडतोड करून पाहू. ५ च्या जागी ६ ठेवा, बाकी सगळं तेच. ७ वरून ४५, बाकी १३. १३ वरून ८१, बाकी १. १ वरून ९. आणि ९ वरून ५७, बाकी पुन्हा ९. यंत्र अडकलं. कारण उघड आहे: ६ आणि १६ या दोघांत २ हा सामाईक अवयव आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या संख्यांवरून एकाच ठिकाणी पोहोचता येतं. इथे १ वरूनही ९ मिळतो आणि ९ वरूनही ९ च. एका घरात दोन वाटा आल्या की कुठलंतरी दुसरं घर वाटेविना राहतं, आणि त्या घराकडे यंत्र कधीच परतत नाही. म्हणून गुणक आणि भाजक यांच्यात सामाईक अवयव नसणं ही अगदी किमान अट झाली.

मग गुणक ७ घेऊ. ७ आणि १६ यांच्यात सामाईक काही नाही. ७ वरून ५२, बाकी ४. ४ वरून ३१, बाकी १५. १५ वरून १०८, बाकी १२. १२ वरून ८७, बाकी ७. चार पावलांत घरी! इथे काही अडकलं नाही, पण सोळा संख्यांचे चार वेगळे गट पडले: ७, ४, १५, १२ हा एक, ०, ३, ८, ११ हा दुसरा, १, १०, ९, २ तिसरा, ५, ६, १३, १४ चौथा. कोणत्या गटात फिरायचं हे बीज ठरवतं आणि एका गटातून दुसऱ्यात जायला वाट नाही.

५ चालतो आणि ७ चालत नाही, असं का? इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं मर्म या एका प्रश्नात आहे.

शून्यापासून सुरुवात करू. पहिल्या पावलाला ३ मिळतात. दुसऱ्या पावलाला ३ गुणिले (१ + गुणक). तिसऱ्या पावलाला ३ गुणिले (१ + गुणक + गुणकाचा वर्ग). म्हणजे शून्य परत केव्हा येणार, तर कंसातल्या बेरजेला १६ ने पूर्ण भाग जाईल तेव्हा. ३ मध्ये २ हा अवयव नाही, त्यामुळे त्या तिनाची यात काही मदत नाही. १६ म्हणजे चार दोन एकमेकांशी गुणलेले. तेव्हा कंसात चार ‘दोन’ किती पावलांत जमा होतात, एवढंच पाहायचं.

गुणक ५ असताना दोन पदांची बेरीज १ + ५ = ६. यात एकच दोन. चार पदांची बेरीज १ + ५ + २५ + १२५ = १५६, म्हणजे ४ गुणिले ३९; दोन दोन झाले. आठ पदांची बेरीज ९७,६५६, म्हणजे ८ गुणिले १२,२०७, तीन दोन. पदं दुप्पट केली की दरवेळी नेमका एकच दोन वाढतो. त्यामुळे चौथा दोन मिळायला सोळा पदं लागतात आणि फेरा पूर्ण सोळाचा होतो. गुणक ७ असताना पहिल्याच बेरजेला १ + ७ = ८. एका फटक्यात तीन दोन! चार पदांना १ + ७ + ४९ + ३४३ = ४००, म्हणजे १६ गुणिले २५. चारही दोन चौथ्या पावलालाच हाती आले आणि यंत्र घरी परतलं. लांब फेरा हवा असेल तर दोन जितके कंजूषपणे मिळतील तितकं बरं. गुणकाला ४ ने भागून बाकी १ उरत असेल, तर दर दुपटीला एकच दोन मिळतो, कारण अशा गुणकाचा कोणताही घात घेतला तरी ४ ने भागल्यावर बाकी १ च राहते आणि त्यात १ मिळवला की बेरजेला २ ने भाग जातो, ४ ने जात नाही.

मिळवायच्या संख्येचंही एक बंधन आहे. गुणक ५ च ठेवून ३ ऐवजी २ मिळवले तर ७, ५, ११, ९, १५, १३, ३, १ आणि परत ७. विषम बीजावर गुणाकाराने विषम, त्यात सम मिळवलं तरी विषमच. निम्म्या संख्यांना दारच बंद.

१९६२ साली टी. ई. हल आणि ए. आर. डोबेल यांनी हे सगळं एका प्रमेयात बसवलं. पूर्ण फेरा, म्हणजे भाजकाइतकाच लांब फेरा, हवा असेल तर मिळवायची संख्या आणि भाजक यांच्यात सामाईक अवयव नसावा. भाजकाला ज्या ज्या मूळ संख्येने भाग जातो, त्या प्रत्येकीने ‘गुणक उणे एक’ या संख्येलाही भाग जावा. आणि भाजकाला ४ ने भाग जात असेल तर ‘गुणक उणे एक’लाही ४ ने भाग जावा. या अटी पुऱ्या झाल्या तर पूर्ण फेरा मिळतोच, आणि एकही मोडली तर मिळत नाही. बीज कोणतंही चालतं.

भाजक १,००० घेऊन हे वापरून पाहा. १,००० चे मूळ अवयव २ आणि ५. ‘गुणक उणे एक’ला ५ ने आणि ४ ने, म्हणजे २० ने भाग जायला हवा. तेव्हा गुणक २१, ४१, ६१, ८१ किंवा १०१ असा घ्यायचा आणि मिळवायची संख्या सम नको, ५ वर संपणारीही नको. २१ ने गुणून ७ मिळवणारं यंत्र कोणत्याही बीजावर बरोबर हजाराव्या पावलाला परत येईल. चालवून बघायची गरज नाही.

मिळवणीची संख्या शून्य ठेवली, म्हणजे नुसता गुणाकारच केला, तर हिशेब बदलतो. या पद्धतीची सुरुवात तिथूनच झाली. डेरिक हेन्री लेमर हा बर्कलीचा संख्याशास्त्री. इथे संख्याशास्त्र म्हणजे सर्वेक्षणांचं नव्हे, अंकगणिताच्या पोटातलं. १९४९ च्या सप्टेंबरात हार्वर्डला मोठ्या गणकयंत्रांवर एक परिषद भरली होती, तिथे त्याने एनियाक या यंत्रासाठी नियम मांडला: संख्येला २३ ने गुणा आणि १० कोटी १ ने भागून बाकी घ्या.

१० कोटी १ ही संख्या विचित्र वाटते, पण एनियाक दशमान यंत्र होतं, दहा अंक मावणाऱ्या नोंदी ठेवणारं. आठ अंकी संख्येला २३ ने गुणलं की उत्तर जास्तीत जास्त दहा अंकी. आता १० कोटींना १० कोटी १ ने भागलं तर बाकी ‘उणे एक’ मानता येते. म्हणून भागाकार करायचाच नाही. उत्तराचे पुढचे जादा अंक तोडायचे आणि ते उरलेल्या आठ अंकांतून वजा करायचे. समजा संख्या ४७५९४११८ आहे. तिची तेवीसपट १०९४६६४७१४. पुढचे दोन अंक १०, मागचे आठ ९४६६४७१४. वजाबाकी केली की ९४६६४७०४, हीच पुढची संख्या. तिची तेवीसपट २१७७२८८१९२. ७७२८८१९२ मधून २१ गेले, उरले ७७२८८१७१. उत्तर ऋण आलं तर १० कोटी १ मिळवायचे, की झालं. भागाकार वेळखाऊ होता त्या काळात ही युक्ती किती मोलाची असेल!

पण सोयीची किंमत फेऱ्यात द्यावी लागली. १० कोटी १ ही मूळ संख्या नाही. ती १७ गुणिले ५८,८२,३५३ आहे. म्हणजे या एका यंत्राच्या पोटात दोन यंत्रं एकदम चालतात, एक १७ च्या बाकीचं आणि एक ५८,८२,३५३ च्या बाकीचं. नुसत्या गुणाकारात शून्य आला की सगळं कायमचं शून्य होतं, म्हणून पहिल्याला जास्तीत जास्त १६ घरं आणि दुसऱ्याला ५८,८२,३५२. दोन्ही यंत्रं एकाच वेळी मूळ जागी यायची तर दोन्ही फेऱ्यांच्या लसाविइतकी पावलं लागतात. आणि ५८,८२,३५२ ला १६ ने नेमका भाग जातो! त्यामुळे लसावि ५८,८२,३५२ च राहतो. छोट्या यंत्राचा फेरा मोठ्याच्या फेऱ्यात मुकाट मावून जातो. २३ हा गुणक या मर्यादेपर्यंत पोहोचतो. त्याच्या जागी कोणताही गुणक आणला असता तरी त्यापुढे जाता आलं नसतं. दहा कोटी घरांपैकी यंत्र साधारण सतराव्या हिश्शातच फिरतं आणि दोष गुणकाचा नाही, भाजकाचा आहे.

मग भाजक मूळ संख्याच का घेऊ नये? ३१ घेऊन बघू. गुणक २ ठेवला तर १, २, ४, ८, १६ आणि पुन्हा १, पाचच पावलं. गुणक ३ ठेवला तर १, ३, ९, २७, १९, २६, १६ असं करत १ ते ३० हे सगळे आकडे येतात आणि तिसाव्या पावलाला १ परत येतो. मूळ भाजक असला की फेऱ्याची लांबी नेहमी ‘भाजक उणे एक’चा, इथे ३० चा, विभाजक असते. त्यामुळे गुणक पूर्ण फेरा देतो की नाही हे तपासायला तीसही पावलं चालायला नकोत. ३० चे मूळ अवयव २, ३ आणि ५. म्हणून १५ व्या, १० व्या आणि ६ व्या पावलाला १ आलेला नाही ना, एवढं पाहिलं की पुरे. गुणक ३ ला तिथे अनुक्रमे ३०, २५ आणि १६ मिळतात. पास!

याच तपासणीवर उभं राहिलेलं प्रत्यक्षातलं यंत्र म्हणजे भाजक २,१४,७४,८३,६४७ आणि गुणक १६,८०७. हा भाजक २ च्या ३१ व्या घातातून एक वजा केला की मिळतो आणि तो मूळ आहे, हे ऑयलरने अठराव्या शतकातच दाखवलं होतं. ३२ बिटांच्या यंत्रात चिन्हाचं एक बिट सोडून मावणारी ही सर्वांत मोठी संख्या, हा निव्वळ योगायोगाचा फायदा. त्यातून एक वजा केल्यावर अवयव पडतात २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. गुणक ७ या सगळ्या तपासण्यांतून सुटतो, पण तो फार लहान आहे: १०० नंतर ७००, मग ४,९००, लहान आकड्यामागून लहान आकडा येणार हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ७ चा घात घ्यायचा. कोणता? अवयवांच्या यादीत ५ नाही, म्हणून ७ चा पाचवा घात, म्हणजे १६,८०७, फेरा पूर्णच ठेवतो. सहावा घात घेतला असता तर यादीतल्या २ आणि ३ मुळे फेरा एक षष्ठांशावर आला असता.

१९६९ साली लुईस, गुडमन आणि मिलर यांनी हे यंत्र आयबीएमच्या ३६० मालिकेसाठी सुचवलं, आणि १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी ‘निदान एवढं तरी वापरा’ अशा भूमिकेतून ते पुन्हा मांडलं. त्यांच्या लेखात एक फार उपयोगी गोष्ट होती. बीज १ ठेवून दहा हजार पावलं टाकली की १,०४,३६,१८,०६५ हा आकडा यायलाच हवा. ही चाचणी का लागते? १६,८०७ गुणिले दोनशे चौदा कोटी हा गुणाकार ३२ बिटांत मावत नाही. जादा बिटं गुपचूप गळून पडतात, कुठलीही तक्रार न करता यंत्र आकडे देत राहतं, आणि ते आकडे दिसायला तितकेच विस्कटलेले असतात. फक्त आपण हिशेब केलेला फेरा आता उरलेला नसतो. गुणक तोच, पण भाजक भलताच झालेला असतो. नुसत्या नजरेला हे कळत नाही, दहा हजाराव्या पावलाला कळतं.

दोनशे चौदा कोटींचा फेरा आज तोकडा आहे. सेकंदाला दहा कोटी आकडे वापरणारा प्रोग्रॅम तो एकवीस-बावीस सेकंदांत संपवतो आणि पुढे जुनेच आकडे चघळत बसतो. पिएर लेक्युयेर या कॅनडातल्या गणितज्ञाने १९८८ साली यावर लसाविचाच उपाय केला. भाजक २,१४,७४,८३,५६३ आणि २,१४,७४,८३,३९९ अशी दोन यंत्रं शेजारी शेजारी चालवायची आणि त्यांच्या आकड्यांची वजाबाकी घ्यायची. दोघांचे फेरे असे निवडलेले की त्यांच्यात २ शिवाय सामाईक अवयव नाही. लेमरच्या यंत्रात लहान फेरा मोठ्यात पूर्ण बुडाला होता. इथे लसावि जवळजवळ गुणाकाराइतकाच, त्याच्या निम्मा येतो. म्हणजे २३ वर सतरा शून्यं एवढा.

दरम्यान बहुतेकांनी सोपी वाट धरली होती: भाजक २ चा घात. त्यात बाकी काढायची म्हणजे वरची बिटं सोडून द्यायची, यंत्र ते आपसूकच करतं. १९८९ च्या सी भाषेच्या मानकात उदाहरण म्हणून दिलेला कोड असा होता:

```c
static unsigned long int next = 1;

int rand(void)
{
    next = next * 1103515245 + 12345;
    return (unsigned int)(next/65536) % 32768;
}
```

हल आणि डोबेल यांच्या अटी इथे तोंडी तपासता येतात. १२३४५ विषम आहे. गुणकातून एक वजा केला की शेवटचे दोन अंक ४४, म्हणजे ४ ने भाग जातो. फेरा पूर्ण. मग आलेली संख्या सरळ न देता तिला ६५५३६ ने भागून खालची सोळा बिटं फेकून का दिली आहेत?

उत्तर मघाच्या हजाराच्या यंत्रात दिसतं. २१ ने गुणा, ७ मिळवा, शेवटचे तीन अंक ठेवा, सुरुवात शून्यापासून:

०, ७, १५४, २४१, ६८, ४३५, १४२, ९८९, ७७६, ३०३, ३७०

आता नुसते एकक वाचा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. हा सातचा पाढा आहे! सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. हजारचा फेरा हजारच आहे, पण एककांचा फेरा दहाचा, आणि तोही शाळेत पाठ केलेला. हे टाळता येत नाही, कारण पूर्ण फेऱ्यासाठी ‘गुणक उणे एक’ला २ आणि ५ दोघांनीही भाग जायला हवा. म्हणजे गुणकाचं एकक १ च असणार आणि एककाच्या घरात गुणाकार म्हणून काही घडणारच नाही, फक्त मिळवणी होणार. २ च्या घातात तेच: सर्वांत खालचं बिट दोन पावलांत परत येतं, खालची दोन मिळून चारात, तीन मिळून आठात. आपल्या सोळाच्या यादीत विषम-सम-विषम-सम आहे हे आता डोळ्यांत भरेल. ४ ने भागून बाक्या काढल्या तर ३, २, १, ० हे चारदा ओळीने येतात. अशा यंत्राच्या आकड्याची सम-विषम पाहून कुणी छापा-काटा ठरवला तर नाणं घड्याळासारखं आलटून पालटून पडेल. सीच्या उदाहरणात खालची बिटं फेकली ती म्हणूनच. जावाच्या `java.util.Random` मध्येही आत ४८ बिटांचं यंत्र चालतं आणि बाहेर फक्त वरची बिटं देतात.

पूर्ण फेरा आणि रँडमपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा सर्वांत सोपा दाखला: गुणक १ घ्या. ‘गुणक उणे एक’ शून्य, शून्याला कशानेही भाग जातो, सगळ्या अटी पुऱ्या. आणि यादी? ७, १०, १३, ०, ३, ६, ९. फेरा सोळाचा पूर्ण. कुणी फसणार नाही म्हणा.

पण आयबीएमने १९६० च्या दशकात ३६० यंत्रांबरोबर दिलेल्या रँडू या उपकार्यक्रमाने पुष्कळांना फसवलं. भाजक २ चा ३१ वा घात, गुणक ६५,५३९, मिळवणी काही नाही, बीज विषम. नुसत्या गुणाकारात आणि २ च्या घातात फेरा जास्तीत जास्त भाजकाच्या एक चतुर्थांश मिळतो, आणि तोही गुणकाला ८ ने भागून ३ किंवा ५ उरत असतील तर. ६५,५३९ ला ८ ने भागून ३ उरतात. फेरा ५३,६८,७०,९१२ चा. या प्रकारात याहून लांब मिळतच नाही. फेऱ्याच्या परीक्षेत रँडू पहिल्या नंबरने पास आहे.

हा गुणक सोयीसाठी घेतला होता: तो २ चा १६ वा घात अधिक ३ आहे, त्यामुळे गुणाकार म्हणजे बिटं सरकवणं आणि थोडी बेरीज. त्याच सोयीने घात केला. गुणकाचा वर्ग करून पाहा: २ चा ३२ वा घात, अधिक ६ गुणिले २ चा १६ वा घात, अधिक ९. पहिलं पद भाजकाच्या पटीत, म्हणून ते गळतं. उरतं ते ‘६ गुणिले गुणक, उणे ९’ असंही लिहिता येतं. याचा अर्थ असा की कोणताही आकडा हा त्याच्या आधीच्या आकड्याच्या सहापटीतून त्याच्याही आधीच्याची नऊपट वजा केली की मिळतो. बीज १ घेतलं तर पुढचे आकडे ६५५३९ आणि ३९३२२५. ६५५३९ ची सहापट ३९३२३४, उणे ९, बरोबर ३९३२२५. त्यापुढचा? ३९३२२५ ची सहापट उणे ६५५३९ ची नऊपट: १७६९४९९. यंत्र हेच सांगतं.

सलग दोन आकड्यांचे बिंदू कागदावर मांडले तर काही संशय येत नाही. सलग तीन घेऊन अवकाशात मांडले आणि तो ठोकळा योग्य कोनातून पाहिला, की सगळे बिंदू पंधरा समांतर पातळ्यांवर चिकटलेले दिसतात, मधे निव्वळ पोकळी. जॉर्ज मार्साग्लिया याने १९६८ साली दाखवलं की अशा प्रत्येक यंत्राचे बिंदू पातळ्यांवरच पडतात, त्यातून सुटका नाही. पण एवढ्या भाजकाला तीन मितींत दोन हजार तीनशेहून जास्त पातळ्या शक्य असतात. रँडूने पंधरांवर भागवलं होतं. त्या आकड्यांवर बेतलेले किती हिशेब अवकाशातल्या त्या पोकळ्यांमधून कधी गेलेच नसतील!

एखाद्या जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात रँडू आहे का हे ओळखायला आत डोकावायचीही गरज नाही. तो ० ते १ मधले जे अपूर्णांक देतो त्यांतले कोणतेही सलग तीन घ्या. पहिल्याची नऊपट करा, दुसऱ्याची सहापट वजा करा, तिसरा मिळवा. उत्तर दरवेळी पूर्णांक आलं, उणे ५ ते ९ यांच्यातलं, तर तो रँडूच.